आजीची वही टाइप करताय? आधी तिचा शेर कुठला ते शोधा

माझ्या आजीची वही आहे चौकोनी कागदांची, लाल पुठ्ठ्याची, हळदीच्या आणि तेलाच्या डागांची, ठाण्याला नौपाड्यातल्या घरी फडताळात असते. मी असते आइंडहोव्हनला. मागच्या दिवाळीआधी ठरवलं की ही वही पूर्ण टाइप करायची, आणि पहिलंच पान घेतलं चकलीच्या भाजणीचं. टाइप करायला वीस मिनिटं लागली आणि ते बरोबर व्हायला अडीच महिने.

नंतर माझ्या दोन मावसबहिणींनी, एका मैत्रिणीने आपापल्या घरच्या वह्या घेतल्या आणि सगळ्यांनी त्याच चुका केल्या ज्या मी केल्या होत्या, म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. उदाहरण एकच घेते, त्या भाजणीचंच, कारण जवळजवळ सगळे गोंधळ त्या एका पानावर आहेत. वहीत आहे ते असं:

"चकली भाजणी (दिवाळी). तां. १ शेर, ह. डाळ ॥ शेर, उ. डाळ । शेर, मूग डाळ अदपाव, पोहे । शेर, धने मूठ, जिरे ॥ मूठ. भाजणे. दळण बारीक. मोहन बेताचे. पाणी भाजणीएवढे."

बस. एवढंच.

टाइप करायच्या आधीची तयारी

तीन गोष्टी लागतात. एक, ग्रॅममध्ये दाखवणारा किचनचा वजनकाटा, आणि तो दोन्हीकडे हवा, तुमच्याकडे परदेशात आणि आजीच्या घरी. मी आत्याला ऐरोलीहून येताना एक घेऊन यायला सांगितलं, आजीने त्याच्याकडे बघून "हे काय सोनं तोलायचंय का" विचारलं, ते सोडा. दोन, घरात आजीजवळ बसणारं कोणीतरी, जे फोन धरेल आणि काटा वाचेल. आजीने एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने पीठ भिजवायचं हे होत नाही, करून बघितलंय. तीन, आजीची वेळ. हिवाळ्यात आमच्याकडे सकाळचे दहा म्हणजे ठाण्यात दुपारचे अडीच, म्हणजे नेमकी तिची झोपेची वेळ, आणि झोपमोड करून विचारलेल्या प्रश्नाला "घाल गं अंदाजाने" हेच उत्तर मिळतं.

टप्पा १: फोटो, आणि सुट्या चिठ्ठ्यांसकट

दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता फोटो काढून मागवा. तेलाच्या डागावर फ्लॅश पडला की त्याखालचं अक्षर गायब होतं. प्रत्येक पानाचे दोन फोटो, एक पूर्ण पान आणि एक जवळून. वहीत मध्येच खोचलेल्या चिठ्ठ्या, रेशनच्या यादीच्या मागे लिहिलेलं वगैरे असतं, ते ज्या पानात सापडलं त्या पानासोबतच फोटोत यायला हवं. आत्याने छान नीटनेटकं करायचं म्हणून सगळ्या चिठ्ठ्या काढून एका पाकिटात घातल्या आणि आता "याला दुप्पट चालेल" लिहिलेली एक चिठ्ठी आहे जी कशाला दुप्पट चालेल हे कुणालाच माहीत नाही.

टप्पा २: आहे तसं उतरवा, एक अक्षर न सुधारता

एक साधी शीट करा, तीन रकाने. पहिल्यात वहीत आहे तसंच, दुसऱ्यात तुमचा अर्थ, तिसऱ्यात तो अर्थ कुठून आला. पहिल्या रकान्याला नंतर कधीही हात लावायचा नाही. बहुतेक जण इथेच घोळ करतात, टाइप करता करताच "शेर" चं "किलो" करून टाकतात, आणि मग पदार्थ बिघडला की मूळ काय होतं हे बघायला परत फोटोत डोकं घालावं लागतं.

या टप्प्यावर दोन सापळे आहेत.

पहिला सापळा उभ्या रेघांचा. जुन्या मराठी हिशोबाच्या पद्धतीत एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १॥ म्हणजे दीड, २। म्हणजे सव्वादोन. शाळा इंग्लिश मीडियमची झाल्यामुळे मला हे कुणी शिकवलंच नव्हतं, मी "॥ शेर" सरळ अकरा शेर वाचलं. अकरा शेर हरभरा डाळ! ते वेड्यासारखं दिसलं म्हणून निदान थांबले तरी. पण "उ. डाळ । शेर" मी एक शेर वाचलं आणि ते मुळीच वेडं दिसत नव्हतं, एक शेर तांदूळ एक शेर उडीद, असेल बाबा. आत्याने शीट बघितली आणि म्हणाली, अगं चकल्या करायच्यात की पापड?

तपासा: आजीने बाकीचे आकडे देवनागरीत लिहिलेत का बघा. आमच्या वहीत १ ला गाठ आणि शेपूट आहे, तेव्हा नुसती सरळ रेघ म्हणजे एक नव्हेच. फोनला फोटोवरून मजकूर उचलायला लावलात तर तो याच रेघा पूर्णविराम समजतो किंवा गाळून टाकतो, म्हणून मापं तरी हातानेच टाइप करा. आणि दुसऱ्या रकान्यात "पाव", "अर्धा" असं अक्षरात लिहा.

दुसरा सापळा अर्ध्या शब्दांचा. "तां." म्हणजे भाजणीत तांदूळ, पण तीन पानं पुढे "१ तां. पाणी" आहे तिथे तांब्या. "डा." कुठे डाळ आहे कुठे डाव. एकदा अर्थ लावला म्हणून सगळीकडे शोधून एकदम बदलू नका, प्रत्येक ठिकाणी वाक्य वाचून ठरवा.

टप्पा ३: शेर वजनाचा की मापाचा?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आणि सगळ्यात जास्त लोक इथे चुकीच्या गोष्टीवर वेळ घालवतात.

मी पण घालवला. मी शोधत बसले की शेर म्हणजे नक्की किती ग्रॅम. तर वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे शेर ९३३ ग्रॅम आणि पावशेर २३३. मेट्रिक वजनांचा कायदा १९५६ चा, मग टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले, शब्द मात्र तेच राहिले, आणि आज भाजीवाल्याकडे पावशेर मिरची मागितली की तो २५० ग्रॅम देतो. आजीचं लग्न १९६४ चं, तेव्हा २३३ धरू की २५०? दोन संध्याकाळी घालवल्या यावर. फरक किती, तर सात टक्के, आणि तो पण सगळ्या जिन्नसांना सारखाच. याने चकलीला काही होत नाही. सोडून द्या.

खरा प्रश्न वेगळा आहे. शेर नावाची दोन मापं होती. एक तराजूतलं वजन. दुसरं धान्य मोजायचं भांडं, ज्यात भरून सपाट करायचं, त्याची उतरंड चिपटं, मापटं, शेर, पायली अशी: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हा शेर आकाराचा आहे, वजनाचा नाही. आणि पानावर कुठेच लिहिलेलं नसतं की यातला कुठला.

मला हे माहीत नव्हतं. मी शेर म्हणजे किलो धरून तांदूळ १ किलो, हरभरा डाळ अर्धा किलो, उडीद २५०, मूग १२५, पोहे २५० ग्रॅम असं सगळं एक चतुर्थांश करून भाजलं. इथे गिरणी नाही तेव्हा मिक्सरवर दळून चाळलं. पीठ भिजवताना ते पाणी पीतच सुटलं. थोडं अजून, थोडं अजून करत गेले, सोऱ्यातून चकल्या सुरेख पडल्या, तळल्यावर कुरकुरीत पण होत्या आणि तासाभरात मऊ. नवऱ्याने "चकलीची भाकरी" असं नाव ठेवलं.

फोनवर आजीला सगळं वाचून दाखवलं. पोह्यांपाशी ती थांबली.

"किती घेतलेस पोहे?"

"तुझ्या वहीत पावशेर आहेत, मी त्या प्रमाणात घेतले."

"म्हणजे केवढे?"

मी वहीतल्या पूर्ण पावशेराचे, म्हणजे २५० ग्रॅम पोहे पातेल्यात तोलून कॅमेऱ्यासमोर धरले.

"अगं बाई, एवढे? माझा पावशेर एवढा कुठला?"

मग तिने आत्याला देवघराखालच्या कप्प्यातून एक पितळी भांडं काढायला लावलं. मी ते भांडं आयुष्यभर बघितलंय, घरात लग्न झालं की तांदूळ भरून उंबरठ्यावर ठेवतात आणि नवी सून पायाने लवंडते तेच माप. मला वाटायचं ते फक्त त्यासाठीच असतं. ते मापटं होतं. आजीच्या सासूबाई त्यानेच धान्य मोजायच्या, भाजणी त्यांनीच सांगितलेली, आजीने ऐकून लिहून घेतली. तेव्हा बाजारात किलो आला असला तरी स्वयंपाकघरात शेर म्हणजे दोन मापटी.

आता हिशोब बघा, फार नाहीये. मापट्यात पाणी मावलं ४८० मिली, म्हणजे शेर ९६०. एवढे तांदूळ भरतात साधारण ८१५ ग्रॅम. डाळींची घनता तांदळाच्या जवळपासचीच, म्हणून अर्धा शेर हरभरा डाळ ४१० ग्रॅम, पावशेर उडीद २०५, अदपाव मूग १०० च्या आसपास. म्हणजे तांदूळ-डाळींचं एकमेकांशी प्रमाण वजनाने घ्या नाहीतर मापाने, जवळजवळ तेच येतं. पण पोहे फुगीर! पावशेर मापाचे पोहे म्हणजे २४० मिली, त्यांचं वजन भरलं फक्त ९० ग्रॅम. माझ्या हिशोबात १ किलो तांदळाला २५० ग्रॅम पोहे होते, आजीच्या हिशोबात ११० च्या आसपास. दुपटीहून जास्त. पोहे पाणी ओढतात, म्हणून पीठ कोरडं वाटलं, म्हणून मी पाणी वाढवलं, म्हणून चकल्या मऊ पडल्या.

तपासा: यादीत एखादा हलका, फुगीर जिन्नस शोधा. पोहे, चुरमुरे, धने, रवाळ पीठ, सुकं खोबरं. त्याचं वजन काढून बघा आणि आजीला तो ढीग दाखवा. तिने भुवया वर केल्या तर शेर मापाचा. यादीत नुसतेच तांदूळ-डाळी असतील तर हा प्रश्न सोडूनच द्या, फरक पडत नाही.

थांबा: दुसऱ्याच्या आजीचं उत्तर वापरू नका. मापाचा शेर गावागणिक लहानमोठा असायचा, ९६० हा आमच्या भांड्याचा आकडा आहे.

टप्पा ४: घरातलं भांडंच मोजा

वाटी, फुलपात्र, डाव, पळी, सगळ्यांना हीच युक्ती. भांडं काट्यावर ठेवा, शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली. आजीची "वाटी" निघाली १८० मिली, इथे दुकानात कप मिळतो तो २५० चा, आणि हा फरक मला आधी माहीत असता तर निदान दोन पुरणं वाचली असती.

कुठली वाटी हे मात्र विचारू नका, "काढून दाखव" म्हणा. विचारलं तर आजी म्हणते आपली नेहमीची. नेहमीच्या तीन आहेत.

टप्पा ५: आजीला "किती" विचारू नका, करायला लावा आणि आधी-नंतर वजन करा

"मोहन बेताचे म्हणजे किती?" या प्रश्नाला तिचं उत्तर होतं, "बेताचं म्हणजे जास्त नाही." ती टाळत नव्हती. तिच्या हाताला ते माहीत आहे, तोंडाला नाही. म्हणून एका रविवारी आत्या ऐरोलीहून सकाळची ट्रेन पकडून नौपाड्याला आली, नौपाड्यातल्या गिरणीतून भाजणी दळून आणली, आणि आजीला रोजच्यासारखं करू दिलं. तिला चमच्याने मोजायला लावलं नाही, ते महत्त्वाचं, चमचा हातात दिला की ती चमच्याचा विचार करते आणि हात अडखळतो.

पद्धत अशी की तेलाची किटली आधी काट्यावर, आजीने तिला हवं तेवढं तेल कढईत ओतलं, किटली परत काट्यावर. फरक २६ ग्रॅम. भाजणी दोन सपाट वाट्या, तिचं वजन २१० ग्रॅम. हे झालं "बेताचं". मिठाच्या बरणीचं, तिखटाच्या डब्याचं तसंच.

"पाणी भाजणीएवढे" यात परत तोच मापाचा सापळा आहे, जरा जपून. २१० ग्रॅम भाजणीला २१० ग्रॅम पाणी नव्हे, दोन वाट्या भाजणीला दोन वाट्या, म्हणजे ३६० मिली. ते उकळून त्यात तेल, मीठ, तिखट घालून मग भाजणी घालायची आणि झाकण ठेवायचं. आणि कॅमेऱ्यात दिसलं की ती त्यातलं पाव वाटी पाणी आधीच काढून बाजूला ठेवते, मळताना लागलं तर घेते. हे वहीत नाही, आत्यालाही माहीत नव्हतं. मिक्सरवरचं पीठ जरा भरड राहतं, त्याला उकडीत जास्त वेळ झाकून ठेवावं लागतं, मी अर्धा तास ठेवते, गिरणीच्या पिठाला आजी वीस मिनिटं ठेवते.

मुठीचं वेगळंच. आत्याने आजीची धन्याची मूठ तोलली, १३ ग्रॅम. माझी १८. मी १३ लिहिणार इतक्यात आजी हाताकडे बघून म्हणाली, "आता बोटं मिटत नाहीत गं पूर्ण, तेव्हा जास्त यायचे," आणि तिने वर अजून चिमटीचिमटीने घातले, थांबली, वास घेतला, अजून घातले. सगळे मिळून २१ ग्रॅम. वहीतली मूठ तिशीच्या आतल्या बाईची आहे, आज जी तोललीत ती ऐंशी पार केलेल्या हाताची. तेव्हा मूठ तोलू नका, मूठ टाकून झाल्यावर ती अजून काही घालते का ते बघा आणि शेवटचं तोला.

तसंच "भाजणे". एका शब्दात तिने तीन कामं कोंबलीत: तांदूळ-डाळी धुवून कापडावर सावलीत पूर्ण वाळवणं, मग प्रत्येक जिन्नस वेगवेगळा मंद आचेवर भाजणं, कारण मूग डाळ लवकर होते आणि हरभरा डाळीला वेळ लागतो, आणि पोहे शेवटी, नुसते कुरकुरीत होईपर्यंत. व्हिडिओ करून ठेवा. "खमंग" चे मिनिटं लिहिण्यात अर्थ नाही, आच वेगळी, कढई वेगळी, मी रंग लिहिलाय: तांदळाचा पांढराफटकपणा जातो, डाळीला गुलाबी कड येते.

सुपारीएवढी चिंच, लिंबाएवढा गूळ, हरभऱ्याएवढा हिंग ही मापं उलट सोपी, आजीने काढून ठेवलेला गोळा तोलला की झालं. फक्त चार आण्याची कोथिंबीर वगैरे किमतीतली मापं असतील तिथे आकडा काढायच्या भानगडीत पडू नका, जुडी केवढी यायची ते हाताने दाखवायला सांगा.

टप्पा ६: छोटा घाणा

सगळं जुळलं वाटलं तरी पूर्ण शेराची भाजणी करू नका. एक वाटी तांदळाच्या हिशोबात करा, आणि भिजवल्यावर आधी एकच चकली तळा. ती काय सांगते ते बघा. तेलात सोडताच सुटायला, विरघळायला लागली तर मोहन जास्त झालंय, उरलेल्यात थोडी कोरडी भाजणी मिसळा. दाताला दगडासारखी लागली तर मोहन कमी. सोऱ्यातून पडतानाच तुकडे होत असतील तर पीठ कोरडं, बाजूला ठेवलेलं पाणी त्यासाठीच आहे. आणि गार झाल्यावर मऊ पडली तर एकतर पाणी जास्त किंवा तेल फार तापलेलं, बाहेरून रंग आला आत कच्ची राहिली. यातलं कुठलं ते ओळखायला दुसरी चकली मंद आचेवर, बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत तळा. ती कुरकुरीत राहिली तर दोष आचेचा, माप बरोबर आहे, माप बदलू नका.

थांबा: एका वेळी एकच गोष्ट बदला. मी दुसऱ्या खेपेला पोहे कमी केले, मोहन वाढवलं आणि पाणी पण कमी केलं, चकल्या छान झाल्या, आणि कशामुळे झाल्या ते कळलंच नाही म्हणून तिसऱ्यांदा करावं लागलं.

टप्पा ७: शेवटचं लिहा आणि आजीला मोठ्याने वाचून दाखवा

आता कुठे साफ कृती लिहायची. ग्रॅम, आणि शेजारी आजीच्या वाटीत. प्रत्येक आकड्यापुढे तो वहीतला, तोललेला की माझा अंदाज हे एका शब्दात. जिथे उत्तर मिळालंच नाही तिथे मोकळं सोडा, "अंदाजे" लिहून भरू नका, नाहीतर पुढचा माणूस तुमचा अंदाज आजीचं माप समजून चालेल.

मग वाचून दाखवा. वाचायला देऊ नका, तिला स्क्रीनवर दिसत नाही आणि ती "छान छान" म्हणून टाकते. मी फोनवर सावकाश वाचलं, तांदूळ, डाळी, पोहे नव्वद ग्रॅम, धने, जिरे, मोहन, पाणी. ती हं हं करत होती. संपल्यावर म्हणाली,

"आणि तीळ?"

"तीळ वहीत नाहीत आजी."

"अगं चकलीत तीळ घालायचे हे काय लिहून ठेवायचं असतं का?"

शीटमध्ये आता नवीन ओळ आहे: पांढरे तीळ, ओवा. पहिला रकाना रिकामा. तिसऱ्यात "आजी, फोनवर". आकडा अजून नाही, आत्या पुढच्या रविवारी तिळाचा डबा तोलणार आहे.